जीडीतली पहिली १५ सेकंदं: ओळखीची तयारी

सगळ्यात आधी एमबीए प्रवेशाचं कॉल लेटर नीट वाचा. कुठे जीडी, म्हणजे गटचर्चा असते, कुठे तिच्याऐवजी ग्रुप एक्सरसाइज असते, कुठे दोन्ही नसून थेट मुलाखत असते, आणि हे दरवर्षी बदलू शकतं. एमबीएच्या प्रवेशात जीडी असेल तर मांडणी साधारण ठरलेली. आठ-दहा उमेदवार अर्धगोलात बसतात, समोर दोन परीक्षक आणि त्यांच्यापुढे उमेदवारांच्या नंबरांचा तक्ता. विषय सांगण्याआधी बऱ्याचदा एक परीक्षक म्हणतात, "एकेकानं थोडक्यात ओळख करून द्या." दहा जणांनी १५-१५ सेकंदं घेतली तरी अडीच मिनिटं जातात, म्हणून तुमच्या वाट्याला तेवढीच येतील असं धरून चाला. तुमची टक्केवारी, कॉलेज, अनुभव हे सगळं फॉर्ममध्ये परीक्षकांकडे आहेच. ओळखीचं खरं काम पुढच्या गोंगाटात होतं. चर्चा तापल्यावर कुणीतरी "ज्ञानदाचा मुद्दा पुढे नेतो" असं म्हणावं, "त्या म्हणाल्या तसं" असं नाही. त्यासाठी ऐकणाऱ्याकडे दोनच गोष्टी पोचवायच्या आहेत: स्पष्ट ऐकू आलेलं नाव आणि डोळ्यांपुढे उभं राहील असं एक चित्र.

आठवडाभर आधी कागद घ्या आणि ओळख शब्द मोजून लिहा. स्वच्छ, न घाई करता बोललं तर सेकंदाला दोन ते अडीच इंग्रजी शब्द होतात, म्हणजे १५ सेकंदांत ३० ते ३७. मर्यादा ३५ धरा. बोलणं इंग्रजीत असणार, तेव्हा लिहायचंही थेट इंग्रजीत. मराठीत लिहून भाषांतर केलं की "मायसेल्फ अमुक" आणि "आय बिलाँग टू नाशिक" अशी वाक्यं येतात. ती चुकीची तर आहेतच, शिवाय खोलीतल्या निम्म्या लोकांनी तीच म्हटलेली असतात. "आय ॲम" आणि "आय ॲम फ्रॉम" एवढं पुरतं.

आता एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा ज्ञानदा सांगोल्याची आहे, सोलापुरात मेकॅनिकलची पदवी घेतली आणि चाकणला ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात दोन वर्षं क्वालिटी विभागात काम केलं. तिचा पहिला कच्चा खर्डा असा असतो: पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट, गाव, वडील काय करतात, दहावी-बारावीचे टक्के, कॉलेज, नोकरी, मग "माय हॉबीज आर रीडिंग अँड ट्रेकिंग" आणि शेवटी "आय ॲम अ हार्डवर्किंग पर्सन". साठेक शब्द, जवळपास अर्धं मिनिट. यातलं काय राहतं हे तपासायला एक सोपी कसोटी आहे. प्रत्येक वाक्यापुढे विचारा, हे शेजारच्या खुर्चीतला जसंच्या तसं म्हणू शकेल का? म्हणू शकत असेल तर खोडा. टक्के गेले, छंद गेले, मेहनती स्वभाव गेला. उरलं चाकण आणि सांगोला.

दोन्ही ठेवायचा मोह होतो, कारण दोन्ही खरं आणि आपलं असतं. पण दोन चित्रं दिली की ऐकणाऱ्याच्या मनात दोन्ही अर्धी राहतात, म्हणून एकच निवडायचं. इथे चाकण, कारण त्यात कामाची नेमकी कृती आहे. "क्वालिटी डिपार्टमेंट" हा नुसता शब्द आहे. त्या विभागातलं माणूस हातानं काय करतं ते सांगितलं की चित्र होतं. शेवटचा मसुदा असा: "गुड मॉर्निंग. आय ॲम ज्ञानदा. आय वर्क्ड फॉर टू इयर्स इन अ ब्रेक पार्ट्स फॅक्टरी इन चाकण. माय जॉब वॉज टू स्टॉप द लाइन व्हेन अ पार्ट वॉज ऑफ बाय अ टेन्थ ऑफ अ मिलिमीटर." मोजून ३५ शब्द. मिलिमीटरच्या दहाव्या भागासाठी अख्खी लाइन थांबवणारी मुलगी लक्षात राहते. शिवाय ती काळजीपूर्वक काम करते हे तिला वेगळं सांगावं लागत नाही.

नोकरी केली नसेल तरी रीत हीच. "मला ट्रेकिंग आवडतं" याऐवजी "राजगडावर गुंजवण्याकडून चोर दरवाज्यानं चढते" म्हणा. किराणा दुकानात बसत असाल तर उधारीची वही तुम्ही सांभाळता हे सांगा. पण जे सांगाल त्यावर मुलाखतीत प्रश्न येणार असं धरूनच सांगा. ज्ञानदाला विचारतील की मोजायचीस कशानं, व्हर्निअरनं की मायक्रोमीटरनं, आणि लाइन थांबवल्यावर प्रॉडक्शनवाले काय म्हणायचे? प्रत्येक चित्रासाठी असे तीन प्रश्न स्वतःच काढा. तिन्हींची उत्तरं सरळ देता येत नसतील तर ते चित्र तुमचं नाही, दुसरं शोधा.

नावाच्या प्रत्येक अक्षरावरून एकेक गुण, शेर, यमक, "मी मोबाइलच्या बॅटरीसारखा आहे" असल्या युक्त्या पूर्ण टाळा. त्या लक्षात राहतात, पण युक्ती म्हणून. माणूस तिच्यामागे लपतो, आणि परीक्षकांनी त्या बऱ्याच वेळा ऐकलेल्या असतात.

नावावर वेगळी मेहनत घ्या, कारण घाबरल्यावर सगळ्यात आधी तेच गिळलं जातं. "आयॲमज्ञानदा" असं एका दमात गेलं की कुणालाच कळत नाही. म्हणून "गुड मॉर्निंग" आधी: तेवढ्यात कान तुमच्याकडे वळतात. मग नाव, आणि नावानंतर तोंड मिटून अर्धा सेकंद थांबा. मराठी नावांची आणखी एक अडचण असते. "ज्ञ" आपण द्न्य म्हणतो, हिंदी बोलणारे ग्य म्हणतात, आणि इंग्रजी स्पेलिंगमधला सुरुवातीचा डी बघून इतरांची जीभ अडखळते. ज्याला नाव उच्चारता येईल की नाही याची खात्री नसते, तो चर्चेत ते नाव घेतच नाही. "द्न्यान-दा" असं दोन तुकडे जाणवतील इतकं सावकाश म्हणा. घरी-कॉलेजात वापरलं जाणारं छोटं नाव असेल तर तेच सांगितलेलं चांगलं. वडिलांचं नाव आणि आडनाव इथे नको, ती हजेरीपटाची पद्धत आहे.

तोंडी सराव फोनच्या रेकॉर्डरवर करा, रोज पाच-सहा वेळा, तीन-चार दिवस. उभं राहून नको. खुर्चीत बसूनच करा, कारण बोलायचंही बसूनच आहे आणि बसल्यावर श्वास आखूड होतो. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐका. नाव पहिल्याच ऐकण्यात कळतं का, आणि वाक्याच्या शेवटी आवाज पडतो का, एवढंच तपासा. "मिलिमीटर" पुटपुटलं गेलं तर सगळं चित्रच गेलं. अकरा सेकंदांत संपत असेल तर वेग जास्त आहे. शब्द वाढवू नका, थांबे वाढवा. मग मित्राच्या ओळखीतल्या, पण तुमचं नाव किंवा काम माहीत नसलेल्या कुणाला तरी एकदाच ऐकवा, दहा मिनिटं दुसऱ्या गप्पा मारा आणि विचारा, काय आठवतं? नाव आणि लाइन थांबवणं आठवलं तर मसुदा तयार आहे. "कुठल्याशा कंपनीत होतीस ना" असं उत्तर आलं तर चित्र अजून धूसर आहे.

याच्या जोडीला दोन छोट्या आवृत्त्या ठेवा. परीक्षक "फक्त नाव आणि शिक्षण" म्हणाले तर नाव आणि पदवी, पाच सेकंदांत बस्स. सांगितलेल्यापेक्षा जास्त बोलणाऱ्याला सूचना ऐकू येत नाहीत असाच अर्थ निघतो. दुसरी आवृत्ती पर्यायी चित्राची. तुमच्या आधीचा उमेदवारही चाकणच्या कारखान्यातला निघाला तर ज्ञानदानं सांगोला आणि तिथलं डाळिंब बाहेर काढायचं. म्हणून ते खोडलेलं वाक्य फेकून न देता तेही ३५ शब्दांत बसवून ठेवायचं.

खुर्चीत बसल्यावर कच्च्या कागदावर अर्धगोल काढा, प्रत्येक खुर्चीसाठी एक ठिपका. जो बोलेल त्याचं नाव आणि एक शब्द ठिपक्यापाशी लिहा. स्वतःची पाळी जवळ आली की आधीच्या माणसाचं बोलणं डोक्यात शिरत नाही. माल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये हे प्रयोगातून दाखवलं आणि त्याला 'नेक्स्ट इन लाइन इफेक्ट' असं नाव पडलं. याचे इथे दोन उपयोग आहेत. तुमच्या आधी बोलणाऱ्याचं नाव तुमच्याकडून हमखास सुटणार, तेव्हा ते मुद्दाम लिहा. आणि तुमच्यानंतर ज्याची पाळी आहे तो तुमचं ऐकत नसणार, म्हणून बोलताना नजर त्याच्याकडे न ठेवता समोरच्या टोकाला बसलेल्यांकडे ठेवा. ज्यांचं बोलून झालंय ते मोकळे असतात, तेच खरे श्रोते. परीक्षकांकडे टक लावून बोलू नका, त्यांनी ओळख गटाला करून द्यायला सांगितलेली असते.

पहिल्यानं जो साचा घातला, बाकीचे नकळत त्यातच बोलतात. पहिल्यानं घरच्यांची माहिती दिली की दहावाही देतो. तुम्ही तुमचे ३५ शब्दच बोला. मध्येच अडखळलात तर "सॉरी" म्हणून पहिल्यापासून सुरू करू नका, पुढचं वाक्य घ्या. काय राहिलं ते फक्त तुम्हालाच माहीत असतं.

ऑनलाइन जीडीत पडद्यावर तुमच्या नावाऐवजी घरच्यांच्या फोनचं नाव दिसत असेल तर आदल्या रात्रीच बदला. माइक सुरू केल्यावर एक सेकंद थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो.

आणि विषय सुरू झाल्यावर पहिल्यांदा तोंड उघडाल तेव्हा त्या ठिपक्यांतलं एक नाव घ्या. त्याचा मुद्दा त्याच्या नावानं घेतलात की पुढच्या वेळी तोही तुमचं नाव आठवून घेतो. विषय कारखान्याशी संबंधित नसेल तर ज्ञानदानं लाइन थांबवण्याची गोष्ट पुन्हा काढायची नाही. चर्चेत ती ओढून आणली तर गटाला ती घोकलेली वाटते, आणि मुलाखतीत त्याच गोष्टीवर प्रश्न येतो तेव्हा तिथेही तिचं वजन कमी होतं.