तासांच्या रेकॉर्डिंगसाठी सरांना पत्र लिहिण्याआधी

शिकवताना कोकणी, मराठी आणि इंग्रजी एकमेकींत कशा मिसळतात, हा लघुप्रबंधाचा विषय गोव्यात कुणालाही सुचतो. सामग्रीही हाताशी असते, कारण गूगल मीटवर झालेल्या तासांची रेकॉर्डिंग विभागाच्या ड्राइव्हवर पडलेली असतात. पण ती ऐकायला मिळतात म्हणजे अभ्यासाला वापरायची मुभा मिळाली असं नव्हे. परवानगी मागणारं माझं पहिलं पत्र सरांनी परत दिलं तेव्हा समासात पेन्सिलीने एवढंच होतं: ‘आनी भुरग्यांक विचारलें?’ वर्गातली मुलं मी विसरलोच होतो. म्हणून पत्रात काय असावं त्याची ही यादी.

नाव, वर्ग, मार्गदर्शक, तारीख हे लिहालच. ‘आपली व्याख्यानं’ असं मोघम मात्र लिहू नका. कोणता पेपर, कोणतं सत्र, कोणत्या तारखांचे तास, ते नेमकं द्या. एखाद्या दिवशी तास सोडून भलत्याच विषयावर गप्पा झाल्या असतील, तर तारीख बघून सरांना आठवेल आणि ते तेवढा तास वगळायला सांगतील. त्याखाली तुम्ही काय मोजणार ते एका वाक्यात, आणि काय मोजणार नाही ते दुसऱ्यात. ‘भाषा कुठे आणि कशासाठी बदलते एवढंच पाहणार आहे, शिकवण्याचं मूल्यमापन करणार नाही.’ हे दुसरं वाक्य गाळू नका. तास तपासला जाणार म्हटल्यावर शिक्षकाला पहिली धास्ती तीच असते.

‘तास तर सगळ्यांसमोर झाला, मग परवानगी कशाला’ असं म्हणणारे भेटतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ‘सादरकर्ता’ कोण याची जी यादी आहे, तिच्यात नट, गायक, जादूगार आणि गारुडी यांच्याबरोबर व्याख्यान देणारी व्यक्तीही आहे. गारुड्याच्या शेजारी बसवल्याबद्दल सर हसतील, पण हक्क त्यांचा आहे.

आता मुलं. सर फक्त स्वतःच्या आवाजाची परवानगी देऊ शकतात. प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या आवाजाची नाही, मीटच्या चौकटीखाली दिसणाऱ्या नावांची नाही, चॅटची फाइल वेगळी साठवलेली असेल तर तिचीही नाही. पहिल्या वर्षाच्या वर्गात सतरा वर्षांची मुलं असतात. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा पूर्ण होईपर्यंत ती ‘मूल’ ठरतात आणि संमती पालकांची लागते. संशोधनाला त्या कायद्यात सूट आहे, पण तीही अटींसकट. त्या सवलतीच्या भरवशावर पत्र लिहू नका.

सोपा मार्ग म्हणजे मुलांचे आवाज अभ्यासात घ्यायचेच नाहीत, आणि ते कसं करणार हे पत्रात सांगायचं. चित्र लागत नसेल तर आधी फक्त आवाज वेगळा काढा आणि व्हिडिओची प्रत उडवा. चेहरे आणि चौकटीतली नावं तिथेच जातात. मग एकदा पूर्ण ऐकून मुलं कुठे बोलतात त्या वेळा टिपा आणि तेवढे तुकडे मूक करा. कापू नका. कापलं की पुढच्या सगळ्या वेळा सरकतात आणि टिपणं जुळत नाहीत. समजा, तिसऱ्या तासात 12 मिनिटं 22 सेकंदांपासून 12 मिनिटं 36 सेकंदांपर्यंत एक मुलगा बोलतो. सेकंदांत ते 742 ते 756, आणि ffmpeg च्या या आज्ञेने तेवढा तुकडा मूक होतो:

```
ffmpeg -i t03.wav -af "volume=0:enable='between(t,742,756)'" t03m.wav
```

लिप्यंतरात त्या जागी ‘विद्यार्थ्याचा प्रश्न, 14 सेकंद’ एवढंच येईल. ‘मूक करण्यासाठी मला ते एकदा ऐकावं लागेल’, हेही पत्रात कबूल करा. आणि सर पुढच्याच वाक्यात ‘म्हणजे तुझं म्हणणं असं की’ म्हणून तो प्रश्न जसाच्या तसा पुन्हा म्हणतात, तिकडे कान ठेवा. बहुतेकदा नावासकट म्हणतात.

‘नाव काढलं की झालं’ हे इथे चालत नाही. पेडण्याची कोकणी आणि सासष्टीची कोकणी दोन वाक्यांत कळते. वर्गात सासष्टीहून येणारा एकच मुलगा असेल तर ‘विद्यार्थी क’ म्हणजे कोण, हे अख्ख्या कँटीनला ठाऊक. मुलांची उत्तरं खरोखरच हवी असतील तर प्रत्येकाची वेगळी लेखी संमती घ्या, आणि सरांमार्फत नको. गुण देणाऱ्या माणसाने पुढे केलेल्या कागदाला नाही कोण म्हणणार?

सरांना निनावी ठेवण्याचं वचनही जपून द्या. तो पेपर विभागात एकच जण शिकवत असेल तर ते पाळता येणार नाही. ‘नाव घालणार नाही, पण विभागातले लोक ओळखू शकतील’ असं सरळ लिहा.

साठवण. ‘सुरक्षित ठेवीन’ हे वाक्य खोडा. प्रत कुठे, किती, कुणाकडे, ते लिहा. एकपदरी आवाज, 16 किलोहर्ट्झ, 16 बिट, असा तासाभराचा एक तास साधारण 115 एमबी होतो. दहा तास सव्वा जीबीच्या आतच बसतात, म्हणून ‘जागा नव्हती, क्लाउडवर टाकलं’ ही सबब उरत नाही. लॅपटॉपवर व्हेराक्रिप्टची एक कुलूपबंद फाइल, तशीच दुसरी मार्गदर्शकांच्या कपाटातल्या पेनड्राइव्हवर, पासवर्ड दोघांकडेच. विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हला जोडलेले असू शकतात. तसं असेल तर फाइल तिथे ठेवली की ती आपोआप बाहेर गेली. पत्र लिहिण्याआधी तपासा, नाहीतर सही खोट्या वाक्याखाली होईल. फुकट लिप्यंतर करून देणाऱ्या संकेतस्थळावर चढवणं म्हणजेही तिसऱ्याला देणंच, आणि त्यात मुलांचे आवाज असतील तर दुप्पट चूक.

टिपणांसाठी एलान हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर एक खोच आहे. त्याच्या .eaf फाइलमध्ये आवाजाच्या फाइलचा पूर्ण पत्ता लिहिला जातो. फोल्डरला सरांचं नाव दिलं असेल तर ते टिपणांबरोबर जिथे जाईल तिथे जातं. फोल्डरलाही t03 सारखीच नावं द्या.

परवानगीचे चौकोन वेगवेगळे करा: विश्लेषण, प्रबंधात वाक्यं उद्धृत करणं, चर्चासत्रात तुकडा ऐकवणं. पहिल्याला हो म्हणणारे तिसऱ्याला नाही म्हणतात, आणि एकच चौकोन असला तर सगळ्यालाच नाही म्हणतात. परवानगी कधीपर्यंत मागे घेता येईल ती तारीख द्या. प्रबंध जमा होण्याच्या आधीची द्या, नंतरची देऊन उपयोग नाही.

नष्ट कधी करणार: तोंडी परीक्षेचा निकाल लागल्यावर, दोन्ही प्रती, आणि सरांना तसं मेलने कळवून. एका पानात बसवा. विभागप्रमुखांना प्रत. मुलांच्या आवाजांचा परिच्छेद पानाच्या मागच्या बाजूला ढकलू नका, पुढच्याच बाजूला, सहीच्या वर. मोबाइलवर पूर्वीच उतरवून घेतलेली रेकॉर्डिंग असतील तर ती आजच उडवा, व्हॉट्सॲप ग्रुपवरचीसुद्धा.