गणपतीला गावी निघण्याआधी: लॅपटॉपला पुरेल अशी पॉवरबँक

गणपतीत आमचा मुक्काम संगमेश्वरकडे गावच्या घरी असतो, पाच दिवस. त्यातले दोन दिवस मी रजा टाकत नाही, ओटीवर बसून काम करते. पाऊस लागलेला असतो, कुठेतरी तारेवर फांदी पडते आणि वीज जाते. कधी तासाभरात येते, कधी संध्याकाळच्या आरतीपर्यंत वाट बघायला लावते. दोन वर्षांपूर्वी यावर उपाय म्हणून मी खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा बघून २०,००० एमएएचची पॉवरबँक घेऊन गेले होते. फोन त्यावर चार वेळा चार्ज झाला. लॅपटॉपने मात्र तिची दखलसुद्धा घेतली नाही. मीटिंग फोनवरून उरकली आणि परत आल्यावर मी नीट अभ्यास केला. त्यातून झालेली ही यादी आहे, आणि ती दुकानापासून सुरू होत नाही.

सुरुवात लॅपटॉपच्या स्वतःच्या चार्जरपासून करा. तो हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचा, लागलं तर फोनने फोटो काढून मोठा करून बघा. ‘आउटपुट’ या शब्दापुढे व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. माझ्या चार्जरवर २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर आहे. गुणाकार ६५ वॅट. हे दोन आकडे कागदावर लिहून घ्या, पुढची सगळी खरेदी त्यांच्याभोवती फिरते.

आता चार्जरची पिन बघा. ती फोनसारखी चपटी टाइप-सी असेल तर अर्धं काम झालं. पिन गोल असेल आणि लॅपटॉपला टाइप-सी पोर्टही असेल, तरी ते पोर्ट चार्जिंग घेतंच असं नाही. काही पोर्ट फक्त पेनड्राइव्ह आणि डेटापुरते असतात. पोर्टशेजारी बॅटरीचं किंवा प्लगचं चिन्ह आहे का ते बघा, नाहीतर मॉडेल नंबर टाकून कंपनीचं मॅन्युअल उघडा. टाइप-सीवरून गोल पिनेत जाणाऱ्या केबल बाजारात मिळतात, पण काही कंपन्यांचे लॅपटॉप चार्जर आपलाच आहे का हे मधल्या सुईवरून तपासतात आणि ओळख पटली नाही तर बॅटरी भरतच नाहीत. गेमिंगचा, १८० किंवा २३० वॅटच्या चार्जरचा लॅपटॉप असेल तर पॉवरबँकेचा नाद सोडा आणि इन्व्हर्टरचं बघा.

मग पॉवरबँकेचे वॅट. माझी फसगत इथेच झाली होती. त्या पॉवरबँकेवर ठळक अक्षरांत २२.५ वॅट लिहिलं होतं. हा आकडा फोनच्या फास्ट चार्जिंगचा असतो, तोही ठरावीक फोनपुरता. लॅपटॉपला लागतं ते पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी. त्यात केबल जोडल्यावर सुरुवात ५ व्होल्टनेच होते. पॉवरबँक आपल्याकडे कोणकोणते व्होल्टेज आणि किती अँपिअर आहेत ते कळवते, लॅपटॉप त्यातलं हवं ते मागतो, आणि मगच व्होल्टेज चढतं. नेहमीच्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० व्होल्ट. बहुतेक लॅपटॉप २० मागतात. समोरून ९ किंवा १२ वरच यादी संपली तर ते चार्जिंग घेत नाहीत, किंवा ‘स्लो चार्जर’ असा इशारा देऊन थेंबथेंब घेतात.

म्हणून नुसतं ‘पीडी सपोर्ट’ लिहिलेलं पाहून थांबू नका. पॉवरबँकेच्या पाठीवर किंवा खोक्याच्या कडेला टाइप-सी आउटपुटची पूर्ण ओळ असते, ती शेवटपर्यंत वाचा. ‘२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर’ असा शेवट असेल तर ती ६५ वॅटची आणि माझ्या कामाची. ४५ वॅटच्या पॉवरबँकेत खरी मेख आहे. पीडीच्या नियमाप्रमाणे ४५ वॅटपर्यंतच्या चार्जरला १५ व्होल्टपर्यंतच देण्याचं बंधन आहे, २० व्होल्ट देणं ऐच्छिक. त्यामुळे एकाच वॅटच्या दोन पॉवरबँका शेजारी ठेवल्या तर एक लॅपटॉप चालवते आणि दुसरी नाही, असं होऊ शकतं. ऑनलाइन घेताना ही ओळ फोटोत दिसत नसेल तर मी ती वस्तू सरळ सोडून देते.

चार्जर ६५ वॅटचा म्हणजे पॉवरबँकही ६५ चीच हवी असं नाही. चार्जरला एकाच वेळी लॅपटॉप चालवायचा आणि रिकामी बॅटरीही भरायची असते. नुसतं काम करताना माझा लॅपटॉप १० ते १२ वॅट घेतो, व्हिडिओ कॉलवर १८ ते २०. म्हणजे २० व्होल्ट देणारी ४५ वॅटचीही निभावून नेते, फक्त बॅटरी सावकाश भरते. मी तरी ६५ ची घेतली, कारण खोक्यावरचे वॅट बऱ्याचदा सगळ्या पोर्टांचे मिळून असतात. दुसऱ्या पोर्टला फोन लावला की लॅपटॉपच्या वाट्याला ४५ किंवा ३० उरतात, आणि वाटणी बदलताना चार्जिंग क्षणभर तुटून पुन्हा जोडलं जातं. एका पोर्टचे वॅट आणि एकत्रित वॅट वेगळे छापलेले असतात. ते दोन्ही बघा.

केबल दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली घ्या. एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलं तर पीडीची बोलणीच होत नाहीत, कारण ज्या तारेवरून ती होतात ती त्या पोर्टात नसतेच. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. माझ्या ६५ च्या हिशेबात पाच वॅट गेले तर बिघडत नाही. १०० वॅट हवे असतील तर मात्र चिप असलेली ५ अँपिअरची केबलच लागते.

आता पुरेल किती वेळ? यासाठी एमएएच विसरून वॅट-अवर बघा. एमएएचचा आकडा पॉवरबँकेच्या आतल्या सेलच्या व्होल्टेजला मोजलेला असतो, साधारण ३.७ व्होल्टला, आणि लॅपटॉप तर २० व्होल्टवर चालतो. २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-अवर, त्याला ३.७ ने गुणलं की ७४ वॅट-अवर. हा आकडा पाठीवर छापलेला असतो. त्याखाली ‘रेटेड कपॅसिटी १२,००० एमएएच, ५ व्होल्ट’ असं काहीतरी वाचून लोक दुकानदाराशी भांडतात. पण ५ ने गुणून बघा: ६० वॅट-अवर. व्होल्टेज चढवताना जी ऊर्जा उष्णता होऊन जाते ती वजा केल्यावर हातात येणारा हा खरा आकडा आहे, आणि कंपनीने तो छापला याचं उलट कौतुक करायला हवं. छापलेला नसेल तर वॅट-अवरच्या ८० टक्के धरा.

दुसरी बाजू लॅपटॉपच्या बॅटरीची. विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढंच टाइप करा:

```
powercfg /batteryreport
```

एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही दिसतं. ती ब्राउझरमध्ये उघडली की DESIGN CAPACITY म्हणजे नवी असतानाची क्षमता आणि FULL CHARGE CAPACITY म्हणजे आजची, दोन्ही सापडतात. आकडे मिलिवॅट-अवरमध्ये असतात, हजाराने भागायचं. माझी बॅटरी ५७ ची होती, आता ४६ उरली आहे.

माझा हिशेब असा झाला. कॉलचा दिवस धरून सरासरी १८ वॅट. पॉवरबँकेचे ६० भागिले १८, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. लॅपटॉपचे ४६ भागिले १८, अडीच तास. मिळून सहा तासांच्या थोडं आत. सकाळी दहाला वीज गेली तर मधली जेवणाची सुट्टी धरून पाचपर्यंत निभतं. २७,००० एमएएचची घेतली असती तर तासभर वाढला असता, पण ओझंही वाढलं असतं. आहे हीच जवळजवळ अर्ध्या किलोची आहे. एक बारकावा: वीज गेल्यावर लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत थांबू नका, भरलेली असतानाच पॉवरबँक लावा. तेव्हा ती थेट लॅपटॉप चालवते. आधी लॅपटॉपची बॅटरी रिकामी करून मग ती भरत बसलात तर त्या भरण्यात आणखी थोडी ऊर्जा वाया जाते.

तळहाताएवढी ५०,००० एमएएचची पॉवरबँक आठशे रुपयांत दिसली तर मनात वजन करून बघा. तेवढ्या क्षमतेला नुसते सेलच पाऊण किलोच्या आसपास भरतात. आपल्याकडे पॉवरबँकेला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. पाठीवरचा आर-ने सुरू होणारा नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनी आणि वस्तू जुळते का ते कळतं. विमानाने गोव्याला किंवा परदेशी जाणार असाल तर मर्यादा १०० वॅट-अवरची आहे, म्हणजे साधारण २७,००० एमएएच. १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते. पॉवरबँक केबिन बॅगेतच ठेवायची, चेक-इनच्या सामानात चालत नाही. वॅट-अवर किंवा एमएएचचा आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते. २०२५ पासून बऱ्याच कंपन्यांनी उडत्या विमानात पॉवरबँक वापरायलाही बंदी घातली आहे.

गावाकडे आणखी एक आकडा महत्त्वाचा, आणि तो जाहिरातीत सहसा नसतो: पॉवरबँक स्वतः किती वॅटने भरते. वीज दोन तास येऊन परत गेली तर १८ वॅट इनपुटवाली जेमतेम चाळीस टक्के भरते, पूर्ण भरायला तिला पाच तास लागतात. ६५ वॅट इनपुट असेल तर तेवढ्या वेळात ती भरून होते, तीही लॅपटॉपच्याच चार्जरने. वेगळा चार्जर न्यायची गरज नाही.

आणि निघण्याआधी घरीच एक रंगीत तालीम करा. लॅपटॉप ४० टक्क्यांवर आणा, पॉवरबँक लावा, एखादा व्हिडिओ कॉल करा आणि अर्ध्या तासाने बघा. टक्के चढत असतील तर उत्तम, जागच्या जागी असले तरी चालेल, उतरत असतील तर केबल बदलून पुन्हा बघा. पहिल्यांदा जोडल्यावर पॉवरबँकेचा आकडा घटण्याऐवजी वाढताना दिसला तर घाबरू नका. दोन्हीकडची टाइप-सी पोर्टं देणारी आणि घेणारीही असतात, त्यामुळे कधी कधी उलटी गंगा वाहते आणि लॅपटॉपच पॉवरबँक भरू लागतो. केबल काढा, पॉवरबँकेचं बटण एकदा दाबा आणि पुन्हा जोडा. माझ्याकडे हे दर तीन-चार वेळांत एकदा होतं, त्यामुळे जोडल्यावर मिनिटभर स्क्रीनकडे बघूनच मी चहाला उठते.