एकतीस मार्च चुकला की जूनमध्ये सावकार गाठावा लागतो

हरभरा निघतोय, तुरीचे पैसे हातात आलेत, घरात लग्नाची बोलणी चालू आहेत. नेमक्या याच दिवसांत सोसायटीच्या पीककर्जाची तारीख डोक्यातून निसटते. खरिपाच्या कर्जाची मुदत ३१ मार्चला संपते, रब्बीची आणि उसाची साधारण ३० जूनला. पासबुकावर तारीख वेगळी असेल तर तीच खरी मानायची. लातूर भागात मी वर्षानुवर्षे बघतोय, सावकाराच्या दारात गेलेल्या माणसाला खोदून विचारलं की गोष्ट बहुतेक वेळा तिथेच येऊन थांबते: मार्चमध्ये नवं-जुनं केलं नाही, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचललं नाही.

चार एकर सोयाबीनवाल्याचा हिशेब मांडतो. त्याला ८०,००० रुपये कर्ज मंजूर झालं, १० मे रोजी उचललं आणि २५ मार्चला भरलं, असं धरू. म्हणजे ३१९ दिवस झाले. सात टक्क्यांनी व्याज होतं ४,९०० रुपयांच्या आतबाहेर. वेळेत भरलं म्हणून केंद्राची तीन टक्के सवलत मिळते आणि पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्याची आणखी तीन टक्के. खाली उरतं एक टक्का, साधारण ७०० रुपये. जिल्हा बँकेच्या सोसायटीत मूळ दर सहा टक्के असेल तर तेही उरत नाही. काही ठिकाणी व्याज आधी भरून घेतात आणि सवलत मागाहून खात्यात टाकतात. ती आली का, हे गटसचिवाकडे बसून बघा. ही सवलत तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला आहे, आणि तारीख पाळली तरच.

आता तोच माणूस मार्चमध्ये थांबला. "यंदा माफी होईल, कशाला भरायचं," असं पारावर कुणीतरी म्हणालं. एप्रिलमध्ये खातं थकीत झालं, सवलत गेली, नवीन कर्ज बंद. मृगाचा पाऊस पडला आणि बी-खताला पैसा नाही. १० जूनला त्याने ८०,००० रुपये शेकडा पाच रुपयांनी घेतले. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच. ऐकायला बँकेच्या सातपेक्षा कमी वाटतं, पण ते वर्षाला साठ टक्के पडतं. माल विकून १० डिसेंबरला फेडलं तरी सहा महिन्यांचं व्याज २४,००० होतं. भाव येईल म्हणून मार्चपर्यंत थांबला तर ३६,०००.

एकीकडे ७००, दुसरीकडे २४,०००. क्विंटलला चार हजार भाव धरला तर सहा क्विंटल सोयाबीन नुसत्या व्याजात गेलं. कोरडवाहूत एका एकराला बऱ्याचदा तेवढंच निघतं. म्हणजे चार एकर पेरले आणि एक एकर सावकारासाठी कापला. शिवाय सोसायटीचे जुने ८०,००० तसेच उभे, आणि त्यांच्यावर आता बिनसवलतीचं व्याज.

माफीचं म्हणाल तर २०१७ आणि २०१९ या दोन्ही वेळी नियमित भरणाऱ्यांनाही रक्कम ठरली होती: पहिल्यांदा कर्जाच्या २५ टक्के, जास्तीत जास्त २५,०००, आणि नंतर ५०,००० पर्यंत. भरणारा अगदीच कोरडा राहिला, असं नाही.

सगळे विचारतात, मार्चमध्ये रोख नसेल तर काय? गावात याला एक ठरलेली पळवाट आहे. आठ दिवसांसाठी सावकाराचे घ्यायचे, सोसायटीत भरायचे, नवीन कर्ज आलं की त्याचे त्याला द्यायचे. ५०,००० कमी पडले, २६ मार्चला उचलले. सावकार आठ दिवसांचाही पुरा महिना धरतो, म्हणजे २,५०० गेले. नवीन रक्कम १० मेला आली तर दोन महिने मोजतो, ५,००० गेले. २४,०००च्या पुढे हे परवडलं असं वाटतं, आणि एखाद्या वर्षी परवडतंही. पण नवीन कर्जातले ५५,००० थेट सावकाराकडे जातात आणि पेरणीला २५,००० उरतात. जूनमध्ये पुन्हा तोच दरवाजा. माझा अंदाज असा की दोन वर्षं लागोपाठ हे केलेला माणूस तिसऱ्या वर्षी थकतोच.

यापेक्षा घरात माल असेल तर बाजार समितीची शेतमाल तारण योजना बघा. २० क्विंटल सोयाबीन गोदामात ठेवलं, किंमत ८०,००० धरली, तर ७५ टक्के म्हणजे ६०,००० मिळतात. व्याज सहा टक्के, मुदत सहा महिने, पुरे सहा महिने लागले तरी १,८००. त्या पैशांत मार्चचं नवं-जुनं होतं आणि मालही पडत्या भावात जात नाही. सगळ्याच समित्या ही योजना राबवत नाहीत आणि माल वाळलेला, स्वच्छ लागतो. म्हणून चौकशी फेब्रुवारीतच करा.

दुसरा सावकार दुकानात बसलेला असतो. १,३५० रुपयांची डीएपीची गोणी उधारीत १,६०० ला लावलेली मी स्वतः वहीत पाहिली आहे. सहा महिन्यांनी पैसे द्यायचे तर हेही शेकडा तीन रुपये महिना झाले. वर लिंकिंगमध्ये टॉनिकची बाटली आणि दाणेदार काहीतरी गळ्यात मारतात, ते वेगळंच. विद्यापीठाची सोयाबीनची शिफारस हेक्टरी ३०:६०:३० नत्र-स्फुरद-पालाश आणि २० किलो गंधक आहे. एकरी एक गोणी डीएपीत स्फुरद भागतं. बाटलीचं नाव त्या शिफारशीत कुठे नाही.

नवं-जुनं करताना सोबत न्यायचं:
- सातबारा, आठ-अ
- आधार, पासबुक, फोटो
- पीक पाहणीची नोंद
- दुसऱ्या बँकेचं बेबाकी प्रमाणपत्र

जूनची उधारी कमी करायला आत्ताच:
- घरचं बियाणं बाजूला काढा, एकरी २६ ते ३० किलो
- ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवा, ७० उगवले तर बियाणं पास
- ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. दुबार पेरणीचा पैसा हमखास सावकाराचाच असतो

दोन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला तारण लागत नाही. सावकार मात्र खरेदीखत मागतो. "नुसतं नावाला आहे, पैसे दिले की फिरवून देतो," असं म्हणतो. त्यावर सही करू नका, कोऱ्या स्टॅम्पवर आणि कोऱ्या चेकवरही नाही. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारकाला शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारण १२ टक्केच घेता येतात. चक्रवाढ लावता येत नाही. घ्यावेच लागले तर आधी परवाना बघा आणि प्रत्येक भरण्याची पावती घ्या. बेकायदा सावकारीत जमीन लिहून गेली असेल तर पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहारासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. त्या अर्जाला बळ येतं ते कागदाने: कुणाच्या खात्यावरून किती आले, कुणाला किती गेले. रोखीत हातोहात दिलेलं सिद्ध करताना माणूस मेटाकुटीला येतो.

आणि ३१ तारखेची वाट बघत बसू नका. शेवटच्या चार दिवसांत बँकेत रांग असते, सुट्ट्या मध्ये येतात, मशीन बंद पडतं. २० मार्चच्या आत भरा आणि पावतीवरचा तारखेचा शिक्का तिथेच उभं राहून वाचा. एका शेजाऱ्याने ३० मार्चला पैसे दिले, जमा दाखवले २ एप्रिलला. तीन दिवसांत त्याची वर्षाची सवलत गेली.