भोपळ्याचे फूल आणि केळफूल ओळखताना या चुका टाळा

भाजीसाठी भोपळ्याची फुले तोडताना होणारी सर्वांत घातक चूक म्हणजे केवळ पिवळा रंग आणि कर्ण्यासारखा आकार पाहून फूल ओळखणे. अलमांडा, पिवळी कण्हेर म्हणजेच बिट्टी आणि धोतऱ्याच्या कुळातील ब्रुगमान्सिया या शोभेच्या झाडांनाही तशीच पिवळी फुले येतात आणि ती खाण्याजोगी नाहीत. बिट्टीतील विषाने हृदयाचे ठोके मंदावतात, तर ब्रुगमान्सियाने तोंडाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात आणि माणूस भ्रमात बरळू लागतो. शिजवल्याने ही विषे निघून जातील, असे कधीही गृहीत धरू नये.

दुसरी चूक चिकाच्या परीक्षेवर सारी भिस्त ठेवण्याची आहे. देठ मोडताच पांढरा दुधी चीक आला, तर ते भोपळ्याचे फूल नव्हे, एवढे खरे. अलमांडा आणि बिट्टी या परीक्षेत सापडतात. ब्रुगमान्सियाला मात्र दुधी चीक नसतो, त्यामुळे ते यातून सुटते. उलट केळफूल चिरताना हात काळे करणारा चीक निघतो, तरीही ते खाद्य आहे.

म्हणून फुलाआधी झाड पाहावे. भोपळ्याचा वेल जमिनीवर पसरतो किंवा ताणे गुंडाळत चढतो आणि त्याचे देठ व पाने हाताला खरखरीत लागतात. वरील तिन्ही झाडांना ताणे नसतात. मग फूल उघडावे. भोपळ्याच्या नर फुलात मधोमध परागांनी माखलेला एकच जाड दांडा असतो आणि मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलासा भोपळा दिसतो. अलमांडाच्या नळीत डोकावले, तर असा दांडा दिसत नाही. ब्रुगमान्सियाचे फूल झुडपावर खाली लोंबते आणि बरेचदा वीतभर किंवा त्याहूनही लांब असते. देठाशिवाय खुडलेली, कोमेजून मिटलेली फुले कोणी आणून दिली, तर या खुणा हरवलेल्या असतात. अशी फुले टाकून देणे हेच माझ्या मते योग्य.

केळफुलाची गल्लत हेलिकोनिया या शोभेच्या झाडाशी होते. केळफुलाचे जांभळट पान उचलल्यावर आत बारीक फुलांची दाट फणी सापडते. हेलिकोनियाची रंगीत पाने होडीसारखी, दांड्याच्या दोन्ही बाजूंना आलटून पालटून लागलेली असतात आणि त्यांत अशी फणी नसते. शिवाय शोभेच्या रोपांवर भाजीपाल्यासाठी न चालणारी कीटकनाशके मारलेली असू शकतात.

चुकीचे फूल खाल्ल्याचे लक्षात आल्यास घरी उलटी करवू नये. रुग्णाला बरे वाटत असले तरी ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि उरलेले फूल पानांसह सोबत न्यावे, म्हणजे डॉक्टरांना विषाचा प्रकार लवकर ठरवता येतो.