मेटफॉर्मिन आणि कॉन्ट्रास्ट सीटी: गोळी कुणाची थांबवायची?

सीटी विभागात नव्याने रुजू होणाऱ्या बहुतेकांचा समज असा असतो की स्कॅनमध्ये अवयव स्पष्ट दिसावेत म्हणून दिलं जाणारं कॉन्ट्रास्ट आणि मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन यांची आपसात रिॲक्शन होते, म्हणून गोळी बंद करायची. तसं काही होत नाही. दोघांमधला दुवा म्हणजे मूत्रपिंड.

मेटफॉर्मिन शरीरात मोडत नाही, जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं. आधीच कमजोर असलेल्या मूत्रपिंडाचं काम आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्टनंतर कधी कधी काही दिवस मंदावतं. त्या काळात गोळी रोजच्यासारखी चालू राहिली तर औषध रक्तात साचतं, लॅक्टेट वाढतं आणि रक्तातलं आम्ल वाढून लॅक्टिक ॲसिडोसिस होऊ शकतो. हे फार क्वचित घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं. गोळी थांबवल्याने मूत्रपिंड वाचत नाही, हे ध्यानात ठेवा. मूत्रपिंड बिघडलंच तर औषध साचू नये, एवढ्यासाठीच ती थांबवायची.

आता एक उदाहरण घेऊ. बहात्तर वर्षांच्या आजी, पोटाचा सीटी, कॉन्ट्रास्ट शिरेतून. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन 1.3. नवखा माणूस म्हणतो, "थोडंसंच वाढलंय, चालेल." पण वय आणि लिंग धरून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, काढला तर तो 44 च्या आसपास येतो. हेच 1.3 तिशीतल्या पुरुषाचं असतं तर ईजीएफआर 70 च्या वर गेला असता. म्हणून नुसत्या क्रिएटिनिनवर कधीच निर्णय घेऊ नका.

"मेटफॉर्मिन चालू आहे का?" असं विचारलं तर आजी सरळ "नाही" म्हणतात, आणि त्या खोटं बोलत नसतात. त्यांच्या गोळीचं नावच वेगळं असतं. ग्लिमेपिराइड, सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन यांच्या जोडगोळ्यांमध्ये मेटफॉर्मिन असतं आणि ते स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं. त्यामुळे तोंडी उत्तरावर थांबू नका, स्ट्रिप हातात घेऊन वाचा.

आजींची गोळी थांबवायची का? इथे नियमावल्यांत फरक आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीच्या मते ईजीएफआर 30 किंवा जास्त असेल, मूत्रपिंडाला अचानक इजा झालेली नसेल आणि कॉन्ट्रास्ट शिरेतून जाणार असेल, तर गोळी चालू ठेवता येते. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएने 2016 मध्ये बदललेलं लेबल जास्त सावध आहे. त्यानुसार ईजीएफआर 30 ते 60 असेल, यकृताचा आजार, दारूचं व्यसन किंवा हार्ट फेल्युअर असेल, किंवा कॉन्ट्रास्ट धमनीतून जाणार असेल, तर स्कॅनच्या वेळी किंवा त्याआधी गोळी थांबवावी. 30 च्या खाली तर मेटफॉर्मिन मुळात द्यायचंच नसतं. असा रुग्ण गोळी घेताना सापडला तर स्कॅन राहू दे, आधी डॉक्टरांना कळवा. तुमचा विभाग कोणता नियम पाळतो ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. मला स्वतःला सावध नियम पटतो, कारण दोन दिवस गोळी बंद राहिल्याने सहसा मोठा फरक पडत नाही.

या नियमाने आजींची गोळी स्कॅनच्या दिवसापासून 48 तास बंद. 48 च का? कारण मूत्रपिंड बिघडलं तरी क्रिएटिनिन लगेच चढत नाही, त्याला एक-दोन दिवस लागतात. स्कॅननंतर संध्याकाळीच रक्त तपासलं तर खोटा दिलासा मिळतो. 48 तासांनी पुन्हा 1.3 आलं, तर गोळी सुरू. 1.7 आलं तर 0.4 ने वाढ झाली. 48 तासांत 0.3 किंवा त्याहून जास्त वाढ म्हणजे मूत्रपिंडाला इजा धरतात. मग गोळी बंदच ठेवायची आणि साखरेसाठी दुसरी सोय डॉक्टरांनी पाहायची.

स्कॅनआधी क्रिएटिनिन कुणाचं हवंच? मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं आणि मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांचं. तब्येत स्थिर असेल तर अलीकडचा रिपोर्ट चालतो. पण दोन दिवस उलट्या-जुलाब झालेला, लघवी कमी झालेला रुग्ण समोर असेल, तर मागच्या आठवड्यातला 55 चा ईजीएफआर कामाचा नाही. त्याचं मूत्रपिंड आज काय करतंय ते त्या कागदावर नाही. ताजं रक्त पाठवा आणि रेडिऑलॉजिस्टशी बोला. पक्षाघात किंवा मोठा अपघात असेल तर मात्र रिपोर्टसाठी स्कॅन अडवून ठेवत नाहीत. स्कॅन करतात, गोळी थांबवतात आणि तपासणी नंतर होते.

साध्या सीटीला, म्हणजे कॉन्ट्रास्ट नसेल तेव्हा, यातलं काहीच लागत नाही. एमआरआयच्या गॅडोलिनियमसाठीही नेहमीच्या मात्रेत मेटफॉर्मिन थांबवत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो गोळी परत सुरू करताना. "गोळी बंद करा" एवढंच ऐकून रुग्ण घरी जातो, पुढची तपासणी कुणी सांगत नाही, आणि काही आठवड्यांनी साखर तीनशेच्या पुढे गेलेली दिसते. म्हणून कागदावर तीन गोष्टी लिहून द्या: गोळी कधीपासून बंद, रक्त कोणत्या तारखेला, आणि रिपोर्ट पाहून गोळी सुरू करायला कोण सांगणार. तो कागद घरातल्या माणसाच्या हातात द्या.