ऑडिशनसाठी चार ओळी पुरल्या

आमच्या गावातल्या शॉर्टफिल्मसाठी मी पहिली जाहिरात लिहिली तेव्हा एकच वाक्य टाकलं होतं: 'हौशी कलाकार पाहिजेत, अहिराणी यावी.' माणसं आली, पण जो तो पाठ केलेला फिल्मी संवाद घेऊन. बाप मेल्यावर ओरडायचं, नाहीतर दारू पिऊन झुलायचं. शेवटी बहिणीच्या कामासाठी एक बाई निवडली. शूटिंग पहाटे 5 ला सुरू होणार हे कळताच तिने नकार दिला. घरी दुभती म्हैस, धार कोण काढणार? चूक माझीच, वेळ मी लिहिलीच नव्हती.

दुसरी जाहिरात अशी लिहिली:

'बहीण, वय 35 ते 45 दिसावं. लग्न होऊन परगावी गेलेली, आखाजीला माहेरी आलेली. अभिनयाचा अनुभव नको, बोलण्यात अहिराणी हवी. शूटिंग 2 शनिवार-रविवार, पहाटे 5 ते सकाळी 11. मानधन नाही, जेवण आणि एस.टी.चं भाडं मिळेल. काही पाठ करून येऊ नका, प्रसंग आम्ही देऊ.'

वयापुढे 'दिसावं' असं मुद्दाम लिहिलं. नाहीतर पन्नाशीतली, पण चाळिशीची दिसणारी बाई घरीच बसते.

प्रसंग चारच ओळींचा होता. भावाने न विचारता शेत बटईने देऊन टाकलंय. बहीण भाकरी थापतेय.

भाऊ : कवय उनी?
बहीण : आत्तेच.
बहीण : वावर कोनले दिधं?
भाऊ : पहिले भाकर खाई ले.

म्हणजे कधी आलीस, आत्ताच, शेत कोणाला दिलं, आधी भाकर खाऊन घे, एवढंच.

राग, रडू यातलं काहीच कागदावर लिहिलं नाही. कंसात 'संतापून' असं लिहिलं की नवखा माणूस फक्त संताप दाखवतो, आणि मग कोण काय करू शकतं ते कळतच नाही. हाताला काम दिलं, कारण रिकामे हात नवख्याला सर्वांत जड जातात. आम्ही परातीत खरं पीठच ठेवलं होतं.

कागद 10 मिनिटं आधी द्यायचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ओळी तोंडी सांगायच्या. समोरचा भाऊ सगळ्यांसाठी एकच माणूस ठेवला. त्याने प्रत्येक वेळी सारखंच, साधं बोलायचं, म्हणजे तुलना होते. मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करून आधी नाव, वय, गाव बोलून घ्यायचं.

पहिल्या वेळी कसं होतं याला मी फार किंमत देत नाही. लगेच सांगायचं, 'आता शेजारच्या खोलीत आई झोपलीय. तिला कळता कामा नये.' बरेच जण तेच आवाज कमी करून म्हणतात. वाचता न येणाऱ्या एका बाईने मात्र 'वावर' हा शब्दच गिळला, दाराकडे पाहिलं आणि 'कोनले दिधं?' एवढंच विचारलं. हात पिठातच थांबले होते. भाऊ झालेला आमचा पोरगा पुढची ओळ विसरला.

तिला घेतलं. आधी म्हैस आहे का ते विचारलं.