कागदावर नियमात, रस्त्यावर नियमाबाहेर: चालकांच्या ड्युट्या लावताना या चुका टाळा

ड्युटी चार्ट तयार झाला की आपण तो नियमाशी ताडून पाहतो. सगळे आकडे बसले की सही होते. महिनाभराने प्रत्यक्ष नोंदी काढल्या की त्याच चार्टवर धावलेल्या चालकांच्या खात्यात रोज उल्लंघनं सापडतात. बहुतेक वेळा त्यात चालकाची चूक नसते. विश्रांती चार्टमध्ये नुसती रेघ मारून दाखवलेली असते, ती प्रत्यक्षात मिळेल अशी सोय कोणी केलेली नसते.

मर्यादा देशागणिक वेगळ्या असतात. भारताच्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात पाच तास कामानंतर किमान अर्धा तास सुटी, दिवसाचा स्प्रेडओव्हर, म्हणजे ड्युटीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा पसारा, बारा तासांपर्यंत आणि दोन ड्युट्यांमध्ये सलग नऊ तास विश्रांती असा ढाचा होता. युरोपीय संघाचा ५६१/२००६ हा नियम साडेचार तास ड्रायव्हिंगनंतर ४५ मिनिटांचा खंड मागतो आणि रोज साधारणपणे ११ तास विश्रांती. पुढचं उदाहरण या दुसऱ्या नियमाचं घेतो, कारण नियमित फेऱ्यांसाठी त्यात खंडाचे दोन तुकडे करायची मुभा आहे: आधी किमान १५ मिनिटं, नंतर किमान ३० मिनिटं, याच क्रमाने. चार्ट लावणारे नेमके इथेच फसतात.

चूक पहिली: टर्मिनसवरचा थांबा म्हणजे विश्रांती समजणं

एका बाजूची फेरी १०० मिनिटांची आहे असं धरा. चालक ५:४५ ला निघतो, ७:२५ ला पोहोचतो. १५ मिनिटं थांबून ७:४० ला परत फिरतो आणि ९:२० ला येतो. ३० मिनिटं थांबून ९:५० ला तिसरी फेरी सुरू करतो. पंधरा आणि तीस मिळून पंचेचाळीस झाले, क्रमही बरोबर. चार्टमध्ये एकही खोट नाही.

आता पहिल्या फेरीला सात मिनिटं उशीर होऊ द्या. गर्दीच्या वेळी सात मिनिटं म्हणजे काहीच नाही. बस ७:३२ ला लागते आणि वेळ पाळायची म्हणून चालक ७:४० ला निघतो. थांबा आठ मिनिटांचा झाला. पंधरापेक्षा कमी असल्यामुळे तो खंड म्हणून शून्य धरला जातो. ९:२० ला तो वेळेवर पोहोचतो आणि ३० मिनिटं बसतो, पण आधीचा तुकडाच गेल्यामुळे ही ३० मिनिटं आता पहिला तुकडा ठरतात. ड्रायव्हिंगचा हिशोब शून्यावर येत नाही. १०७ आणि १०० मिळून २०७ मिनिटं त्याच्या खात्यात तशीच राहतात.

साडेचार तास म्हणजे २७० मिनिटं. उरली ६३. तो ९:५० ला निघतो आणि १०:५३ ला, प्रवासी भरलेल्या बसमध्ये, वाटेतच त्याची मर्यादा संपते. टर्मिनस अजून ३७ मिनिटं लांब असतं. सकाळच्या सात मिनिटांतून हे सदतीस मिनिटांचं उल्लंघन तयार झालं. चालकाला ते जाणवलंही नसेल, कारण त्याने तिन्ही फेऱ्या वेळापत्रकाप्रमाणे सोडल्या होत्या.

म्हणून खंडाची लांबी ठरवताना वेळापत्रकातली पोहोचण्याची वेळ धरू नका, नोंदींमधली धरा. त्याच फेरीच्या काही आठवड्यांच्या प्रत्यक्ष वेळा काढा आणि दहांपैकी नऊ दिवस बस किती उशिराच्या आत पोहोचते ते बघा. तो उशीर नऊ मिनिटांचा निघाला, तर तिथला थांबा १५ नव्हे, २४ मिनिटांचा हवा. सरासरी उशीर धरलात तर जवळपास निम्मे दिवस खंड मोडणार, आणि सरासरी धरणारे लोक मी फार पाहिले आहेत.

इतका थांबा दिला तर बस उभी राहते, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे चालकाला त्याच्याच बसबरोबर परत न पाठवणं. तो बस आधीपासून थांबलेल्या चालकाच्या हाती देतो आणि स्वतः पुढची बस घेऊन निघतो. दर वीस मिनिटांनी बस सुटत असेल तर त्याचा थांबा १५ वरून ३५ मिनिटांचा होतो. सात मिनिटं उशिरा आला तरी २८ मिनिटं उरतात. बस मात्र तिच्या वेळेला सुटते. यासाठी टर्मिनसवर एक चालक जादा लागतो, पण तो फक्त गर्दीच्या काही तासांपुरता.

त्या दिवशी प्रसंग हातातून जायला लागला तर नियंत्रकाकडे ७:३२ लाच उत्तर असतं. बस ७:४७ पर्यंत थांबवायची, म्हणजे पंधरा मिनिटं पूर्ण होतात आणि तिसरी फेरी सात मिनिटं उशिरा, ९:५७ ला सुटते. तसं नाही केलं तर ९:२० नंतर पूर्ण ४५ मिनिटं द्यावी लागतील आणि तिसरी फेरी १०:०५ ला सुटेल. हा निर्णय घ्यायला कुठला थांबा नुसता वेळ भरून काढण्यासाठी आहे आणि कुठला मोडता येणार नाही, हे नियंत्रकाला दिसायला हवं. ड्युटी कार्डावर त्या थांब्यापुढे ‘किमान १५’ असं छापा. हे दोन शब्द कार्डावर नसतात म्हणूनच बस घाईने सोडली जाते.

आणि थांब्यात चालकाला दुसरं काम देऊ नका. हिशोब भरणं, बस बाजूला घेणं, प्रवाशांना तिकीट देणं, यांतलं काहीही केलं तरी तो वेळ कामात मोडतो. विश्रांतीची खोली पाच मिनिटांच्या अंतरावर असेल तर जाण्यायेण्याची दहा मिनिटं वेगळी धरा.

चूक दुसरी: ड्युटी बसच्या वेळेवर मोजणं

सकाळ-संध्याकाळच्या गर्दीसाठी तुकड्यांत लावलेली ड्युटी. पहिली बस ६:४५ ला सुटते, शेवटची १९:४० ला पोहोचते. मधलं अंतर १२ तास ५५ मिनिटं, म्हणजे रात्रीची विश्रांती ११ तास ५ मिनिटं. पाच मिनिटांनी का होईना, बसलं.

पण चालक ६:४५ ला आकाशातून बसमध्ये उतरत नाही. आगारात हजेरी, बसची तपासणी यांना १५ मिनिटं, आगारातून पहिल्या थांब्यापर्यंत २० मिनिटं. म्हणजे त्याची ड्युटी ६:१० ला सुरू झाली. संध्याकाळी परत २० मिनिटं रिकामी बस आगारात आणायची, १५ मिनिटं रोकड आणि कागद जमा करायचे. सुटला २०:१५ ला. ड्युटीचा पसारा १४ तास ५ मिनिटं झाला आणि विश्रांती ९ तास ५५ मिनिटं उरली. युरोपीय नियमात नऊ तासांची कमी केलेली विश्रांती दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या दरम्यान तीनदाच चालते. दुपारची मधली सुटी सलग तीन तासांपेक्षा कमी असेल आणि हीच ड्युटी रोज लावली, तर चौथ्या रात्री नियम मोडतो, आणि चार्टमध्ये ते कुठेच दिसत नाही.

चार्टवरची पट्टी हजेरीपासून सुटका होईपर्यंत काढली की हा घोळ संपतो. इथेही उशिराचा हिशोब पहिल्या चुकीसारखाच: शेवटची फेरी दहांपैकी नऊ दिवस कितीला संपते, ती वेळ धरा.

चूक तिसरी: अदलाबदल एकाच बाजूने तपासणं

दोन चालकांनी आपसात ड्युटी बदलली की आपण त्या दिवसाचे तास बघतो आणि हो म्हणतो. बिघाड बहुधा आदल्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळी असतो. उशिराची ड्युटी घेतलेला चालक दुसऱ्या दिवशी त्याच्या मूळच्या पहाटेच्या ड्युटीला हजर होतो, आणि मधली विश्रांती सहा-सात तासांवर येते. प्रत्येक अदलाबदलीत दोन्ही चालकांची कालची सुटका आणि उद्याची हजेरी, अशा चार वेळा लिहून घ्या. त्यातली एक जरी आडवी आली तर बदल नाकारा, किंवा उद्याची ड्युटीही त्याच वेळी बदलून द्या.